काळं किती, माती किती

रेल्वे स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर मोबाइलला काच चिकटवून देणारा एक मुलगा बसतो. परवा माझ्या फोनवरची नवी काच जुन्या एटीएम कार्डाने दाबत आणि खालचे बुडबुडे कडेला हाकलत तो म्हणाला, "काका, नाइन-एच आहे. बिनधास्त वापरा. दहा म्हणजे हिरा. ही त्याच्या एक घर अलीकडे."

"आणि एच म्हणजे काय?"

"हार्ड."

"पण कशाच्या मानाने हार्ड?"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, वीस रुपये कमी द्या."

मी घासाघीस करत नव्हतो. मी निवृत्त चित्रकला शिक्षक आहे. म्हणजे वेळापत्रकातल्या ज्या तासाला गणिताचे सर "पोर्शन राहिलाय हो" म्हणत वर्गात शिरायचे, तो तास माझा असायचा. त्यामुळे मिळालेल्या मोकळ्या वेळात मी पेन्सिलींवर बराच विचार केला आहे, आणि त्या मुलाची नाइन-एच हिऱ्याच्या नव्हे तर पेन्सिलीच्या खात्यातली आहे हे मला ठाऊक होतं. रंगाचे कारखाने वाळलेल्या थराचा कठीणपणा पाहायला एक जुनी चाचणी करतात. पेन्सिल ४५ अंशांत तिरकी धरायची, वर ठरावीक वजन ठेवायचं, बहुधा ७५० ग्रॅम, आणि ती पृष्ठभागावरून पुढे ढकलायची. मऊपासून सुरुवात करून एकेक कठीण पेन्सिल लावत जायचं. ज्या पेन्सिलीचा ओरखडा उठत नाही अशी सगळ्यांत कठीण पेन्सिल म्हणजे त्या थराचा नंबर. तेव्हा ९एच काच म्हणजे जिच्यावर ९एच पेन्सिलीनेसुद्धा ओरखडा उठला नाही अशी काच. हिरा ज्या यादीत दहावा आहे ती मोसची यादी खनिजांची, आणि तिच्यात वाळूच्या कणाचा नंबर सातवा आहे. साधी काच त्याच्याही खाली. म्हणून काकांच्या खिशातली चौपाटीची वाळू या ९एच काचेवर सहज ओरखडे उमटवते.

मला गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. काचेवर छापलेल्या त्या दोन अक्षरांवर विश्वास ठेवून माणसं शंभर-दोनशे रुपये मोजतात. पण तीच अक्षरं जिथून आली त्या पेन्सिलीच्या टोकाशी काय छापलंय, हे कुणी पाहत नाही. दुकानात गेलं की एकच मागणी असते, "डार्क द्या हो, डार्क." एकदा पालकसभेत एक बाई मला म्हणाल्या होत्या, "सर, याचं चित्र तुम्हाला फिकट वाटलं असेल, कारण पेन्सिल साधी होती. पुढच्या वेळी एक्स्ट्रा डार्क आणते." जणू चित्रकलेचा 'अ' पेन्सिलीत भरून मिळतो आणि ज्याची काळी त्याला जास्त.

खरं तर त्या अक्षरांत चांगलं-वाईट काहीच नाही. तो फक्त मातीचा हिशेब आहे. ग्राफाइट काळं आणि मऊ. त्याचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून कागदावर घासलं की पापुद्रे सुटून कागदाच्या खरखरीत अडकतात. त्याच्यात चिकणमाती मिसळून भट्टीत भाजलं की ती माती त्या पापुद्र्यांना धरून ठेवते. माती जास्त तर पापुद्रे कमी सुटतात, रेघ फिकट आणि बारीक येते, टोक टिकतं. ती एच. माती कमी तर ग्राफाइट भरभरून सुटतं, रेघ काळी आणि जाड येते, टोक भुर्रकन झिजतं. ती बी. एच म्हणजे हार्ड हे सगळ्यांना माहीत असतं. बी म्हणजे ब्लॅक, हे शिक्षकांच्या खोलीतसुद्धा फार थोड्यांना ठाऊक होतं. आमचे पीटीचे सर तिला 'बेस्ट' म्हणत, आणि मग साहजिकच सहा वेळा बेस्ट असलेली ६बी त्यांना फारच पसंत होती. त्यांनी तिने हजेरी भरली. महिनाअखेर हजेरीपुस्तकात सगळे विद्यार्थी सारखेच धूसर झाले होते.

एच आणि बीच्या मधे एचबी, आणि एचबीला लागून एचच्या बाजूला बिचारी एफ. एफ म्हणजे फाइन, बारीक टोक टिकवणारी. एफ विकत घेणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. ती बाराच्या डब्यात येते आणि शेवटपर्यंत पूर्ण लांबीची राहते.

ही माती मिसळण्याची युक्ती ज्याने काढली त्याची हकिगत मला फार आवडते, कारण भेसळीचं पेटंट मिळालेला दुसरा माणूस मला माहीत नाही. जुन्या काळी चांगल्या पेन्सिलीत शुद्ध ग्राफाइटच असायचं. इंग्लंडमध्ये कंबरलंडच्या डोंगरात, बॉरोडेलला ते थेट दगडासारखं निघे आणि करवतीने कापून त्याच्या कांड्या करत. हार्ड नाही, सॉफ्ट नाही, खाण देईल ती पेन्सिल. मग फ्रान्समध्ये क्रांती झाली, इंग्लंडशी युद्ध सुरू झालं आणि पॅरिसमध्ये पेन्सिली मिळेनाशा झाल्या. नकाशे, हिशेब, हुकूम यांच्याशिवाय युद्ध चालत नाही, म्हणून युद्धखात्याची सूत्रं हलवणाऱ्या लाझार कार्नोने निकोला-झाक काँते नावाच्या माणसाला काम दिलं, की पेन्सिलीचं काहीतरी करा. काँते लष्करी फुगे उडवण्याच्या खात्यातला. हायड्रोजनच्या प्रयोगात स्फोट होऊन त्याचा डावा डोळा गेलेला. त्याच्याकडे होतं ते हलकं, भुगा झालेलं ग्राफाइट. त्याने ते दळलं, धुतलं, चिकणमातीत मळलं, कांड्या ओढल्या आणि भट्टीत भाजल्या. १७९५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. टंचाईवर तोडगा म्हणून घातलेल्या मातीने एक वेगळाच फायदा करून दिला. मातीचं प्रमाण बदललं की पेन्सिलीचा स्वभाव बदलतो, आणि हवा तो स्वभाव मागणीनुसार भाजून मिळतो. आज एचबीत साधारण दोन-तृतीयांश ग्राफाइट आणि पाव हिस्सा माती असते, उरलेलं मेण वगैरे. पण पद्धत काँतेचीच.

पुढे बुडवाइजच्या हार्टमुथ कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ६बीपासून ९एचपर्यंत सतरा प्रकारांची एक पिवळी पेन्सिल काढली आणि तिला नाव दिलं 'कोहिनूर'. यात एक चलाखी होती, कारण हिरा आणि ग्राफाइट दोन्ही मुळात कार्बनच. आपल्या गोवळकोंड्याचा हिरा लंडनला, त्याच्या नावाची पेन्सिल बोहेमियात, आणि मी कलाशाळेत असताना ती पिवळी पेन्सिल वर्गात ज्याच्याकडे असे त्याच्याशी आम्ही 'फॉरेनची आहे' म्हणून मैत्री करत होतो.

आता परीक्षेकडे वळू, कारण पेन्सिल सर्वांत जास्त घाबरून तिथेच विकत घेतली जाते.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीच्या शाळेने वर्षारंभी सामानाची यादी पाठवली. तिच्यात होतं, 'नंबर टू पेन्सिल, दोन डझन'. इथून जाणार होते भाचीचे सासरे, म्हणून त्यांनी उत्साहाने दादरला जाऊन दोन डझन २एच घेतल्या. नंबर टू, म्हणजे टूच की! तिकडे मुलीने त्यातल्या एका पेन्सिलीने पहिली चाचणी लिहिली आणि बाईंनी वही खिडकीपाशी नेऊन वाचली. अमेरिकेत अक्षरांऐवजी आकडे चालतात. १ सर्वांत मऊ, ४ सर्वांत कठीण, आणि नंबर टू म्हणजे आपली साधी, गरीब, गल्लीच्या कोपऱ्यावर मिळणारी एचबी. आजोबांनी सात समुद्रापार नेलेलं ओझं अमेरिकेच्या प्रत्येक दुकानात पडलेल्या पेन्सिलीच्या नावाखाली होतं, आणि तेही चुकीच्या ग्रेडचं.

पण अमेरिकेत परीक्षेला नंबर टूच का, याचं कारण मजेदार आहे. १९३०च्या दशकात मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या एका हायस्कूल मास्तरांना उत्तरपत्रिका तपासायचा कंटाळा आला. (इथे माझे सगळे सहकारी हात वर करतील.) त्यांनी उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बनवलं, आणि ते आयबीएमने घेतलं. यंत्राचं तत्त्व सोपं होतं. ग्राफाइटमधून वीज जाते. पेन्सिलीने गोल भरला असेल तर तिथून प्रवाह वाहतो, नसेल तर नाही. ही कल्पना त्यांना सुचली कशी, त्याबद्दल सांगतात ते असं, की लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या मोटारींच्या स्पार्क प्लगवर ते बाहेरून पेन्सिलीच्या रेघा मारून ठेवत. ठिणगी आत पडायच्या ऐवजी वीज त्या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळे आणि गाडी काही सुरू होत नसे. बहिणींच्या लग्नाचं पुढे काय झालं ते माहीत नाही, पण धाकट्या भावाने पुढे आयबीएममध्ये जाऊन हार्ड डिस्क बनवणाऱ्या चमूचं नेतृत्व केलं.

पेन्सिलीच्या हिशेबाने यातली खरी गोष्ट माती. माती वीज वाहून नेत नाही. एचच्या पेन्सिलीत माती जास्त, ग्राफाइट कमी, म्हणून यंत्राला गोल रिकामा वाटण्याचा धोका. उलट ४बीने भरलं तर भुकटी शेजारच्या गोलात पसरायची, खोडताना डाग राहायचा, आणि यंत्राला एका प्रश्नाची दोन उत्तरं दिसायची. मधली एचबी पुरेशी काळी आणि पुरेशी टिकाऊ. नंतर यंत्रं विजेऐवजी प्रकाशाने वाचू लागली तरी हीच सूचना राहिली. आपल्याकडे नीटसारख्या परीक्षेला आता गोल बॉलपेनने भरायचे असतात, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री डार्क पेन्सिल शोधत फिरणाऱ्या पालकांच्या आयुष्यात एक पोकळी निर्माण झाली आहे.

ती पोकळी दहावी भरून काढते. उत्तरपत्रिकेत आकृत्या पेन्सिलीने काढाव्यात, अशी सूचना असते, आणि त्यावर बोर्ड पुढे काही बोलत नाही. विज्ञानाच्या पेपरात मुलं दोन टोकांना जातात. एक गट ६बी घेऊन येतो. हृदयाची आकृती छान दणदणीत काढतो, मग उत्तरपत्रिका मिटतो, पुरवणीचा दोरा बांधतो आणि गठ्ठ्यात टाकतो. तपासणाऱ्याच्या हातात पोचेपर्यंत समोरच्या पानावर दुसरं हृदय उमटलेलं असतं, उजवं-डावं उलट. दुसरा गट कंपासपेटीतली २एच काढतो. ती फिकट पडते, म्हणून दाबून काढतो, आणि फुप्फुसाचा आराखडा पुढच्या तीन पानांवर खाचांच्या रूपाने पोचतो. मग मूत्रपिंडाची आकृती काढताना पेन्सिल त्या खाचेत अडखळते. या पेपरासाठी टोक केलेली एचबीच हवी. दोन पेन्सिली, दोन्हीची टोकं तयार. एक्स्ट्रा डार्क लिहिलेली असली तरी हरकत नाही, पण त्या शब्दाने ग्रेड कळत नाही. टोकाकडची अक्षरं पाहा.

भूमितीचं तंत्र मात्र वेगळं. तिथे रचनेच्या खुणा आणि उत्तराची रेघ, दोन्ही दिसायला हव्यात आणि त्यांच्यातला फरकही दिसायला हवा. कंस पुसायचे नसतात, कारण त्यांनाच गुण असतात. म्हणून कंस आणि साहाय्यक रेघा एचने हलक्या हाताने, आणि शेवटचा त्रिकोण किंवा स्पर्शिका एचबीने नीट ठळक. एका पेन्सिलीने कधी जोरात कधी हळू असा फरक करता येतो असं मुलांना वाटतं, पण अर्ध्या तासानंतर मनगट आपलं काय ठरलं होतं ते विसरतं.

इंजिनिअरिंग ड्रॉइंगला तर २एच आणि एच यांच्याशिवाय पान हलत नाही, आणि तिथले जुने ड्राफ्ट्समन एक गोष्ट पाळत, जी शाळेत कुणी सांगत नाही. कंपासात बसवायचं शिसं हातातल्या पेन्सिलीपेक्षा एक ग्रेड मऊ घ्यायचं. रेघ मारताना हात पेन्सिलीवर जोर देतो. कंपासावर जोर दिला तर पाय फाकतात आणि वर्तुळ सुरू झालं तिथे परत येत नाही. म्हणून एचने रेघा असतील तर कंपासात एचबी, म्हणजे वर्तुळ आणि रेघ सारख्याच काळ्या दिसतात. ज्यांचं वर्तुळ नेहमी रेघेपेक्षा फिकट येतं, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये, शिसं बदलावं.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या ग्रेड परीक्षेत तिसरीच अडचण येते. तिथे पेन्सिलीवर रंग चढायचा असतो. आमच्या शाळेतली एक हुशार मुलगी वस्तुचित्राच्या सरावाला ४बीने देखणं रेखाटन करायची, आणि पहिला जलरंगाचा हात मारला की पिवळं लिंबू राखाडी व्हायचं, कारण सुटं ग्राफाइट ब्रशबरोबर पाण्यात निघायचं. तिच्या शेजारचा २एच वापरायचा. त्याचा रंग स्वच्छ असायचा, पण भिजून मऊ झालेल्या कागदावर पेन्सिलीने पाडलेल्या चरांत रंग साचून प्रत्येक वस्तूला काळपट किनार यायची. त्यामुळे रंगाखाली एचबीच, आणि तीही टोकापासून लांब, मागून पकडलेली, म्हणजे जोर देताच येत नाही. पावसाळ्यात हवेनेच कागद दमट झालेला असतो, तेव्हा एच आणखी खोल जाते. सप्टेंबरमधल्या परीक्षेला हे विसरू नये.

इतकं झालं की प्रश्न येतो तो स्केचिंगचा, म्हणजे जिथे पेन्सिलच सर्व काही करणार, रंग मदतीला येणार नाही. इथे मी मुलांना नेहमी वांगं द्यायचो. सफरचंद आमच्या शाळेच्या बजेटात बसायचं नाही हे एक कारण, आणि वांगं चित्र झाल्यावर शिपायाच्या घरी जायचं हे दुसरं. पण खरं कारण असं, की वांग्यात पेन्सिलीची सगळी परीक्षा आहे. ते जवळजवळ काळं असतं आणि त्याच्यावर एक लखलखीत पांढरा ठिपका असतो. म्हणजे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ एकमेकांना खेटून.

मुलगा एचबी घेऊन बसतो. बाह्यरेषा छान येते. मग तो गडद करायला घेतो. दाबतो. थोडं काळं होतं. अजून दाबतो. मग अशी एक वेळ येते, की कितीही दाबलं तरी काळं होत नाही, उलट चमकायला लागतं. मुलगा सांगतो, "सर, पेन्सिल संपली." पेन्सिल संपलेली नसते, कागद संपलेला असतो. कागदाच्या पृष्ठभागावर बारीक खरखर असते. तिच्या खाचांत ग्राफाइट बसतं. एचबी दाबली की तिच्यातली माती त्या खाचा चेपते, वर ग्राफाइट घोटून आरशासारखं सपाट होतं, आणि मग पुढची पेन्सिल त्याच्यावरून नुसती घसरते. कागद खिडकीकडे तिरका धरा. जिथे चमकेल तिथे तुम्ही दाबलंय. तिथे आता ६बीसुद्धा काळी पडत नाही. त्या अवस्थेतलं वांगं मी पुष्कळ पाहिलं आहे. ते वांग्यापेक्षा स्टीलचा तांब्या जास्त वाटतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. एचबीने हलक्या हाताने आकार काढायचा, देठ आणि त्याचे काटे नीट ओळखून घ्यायचे. पांढऱ्या ठिपक्याभोवती जेमतेम दिसेल अशी रेघ. तो ठिपका म्हणजे कोरा कागद आहे, तिथे शेवटपर्यंत जायचं नाही. खोडरबराने मागून आणलेला उजेड नेहमी मळका दिसतो. मग २बी, तिरकी धरून, टोकाच्या बाजूने, वांग्याच्या गोलाईबरोबर वळणाऱ्या रेघांनी संपूर्ण अंग हलकंसं झाकायचं. दाबायचं नाही. या थराला खाचा मोकळ्या राहिल्या पाहिजेत. त्याच्यावर ६बी, जिथे उजेडापासून अंग वळून अंधारात जातं तिथे, आणि बुडाखाली टेबलाला लागून जी सावली पडते तिथे. ६बीलाही दाबायची गरज नाही, तिचं शिसंच काळं आहे. काळेपणा हा ग्रेडचा गुण असावा, जोराचा नाही. शेवटी कडेला जिथे टेबलाचा उजेड परत वांग्यावर पडतो तिथे एचबीने दोन-चार रेघा. पुष्कळ मुलं ही कडसुद्धा काळी करतात, आणि वांगं कागदात घुसल्यासारखं दिसतं.

मधेच हात टेकला की ६बीची भुकटी उजेडाच्या ठिपक्यात जाते. हाताखाली कोऱ्या कागदाचा चतकोर ठेवावा आणि उजव्या हाताच्या माणसाने डावीकडून सुरुवात करावी. बोटाने चोळून मऊ करण्याचा मोह टाळावा, निदान वांग्यावर तरी. बोटाचं तेल लागलं की तो भाग पुन्हा खोडता येत नाही.

आणि एक मर्यादा मान्य करावी. ९बी घेतली तरी काळं शाईसारखं काळं होत नाही. ग्राफाइट मुळातच चकाकतं, त्यामुळे गडद भाग थोडा राखाडीच राहतो, आणि चित्राचा फोटो काढला की त्या जागी दिव्याचा पांढरा चट्टा दिसतो. ज्याला खरोखर काळं हवं त्याने कोळशाची कांडी घ्यावी आणि आईला आधी सांगून ठेवावं.

आता प्रश्न दुकानाचा. दुकानदार डबा पुढे करतो. बारा पेन्सिली, कधी चोवीस, टिनच्या डब्यात, वर एका वाघाचं चित्र. पालकांना ते चित्र पेन्सिलींबरोबर फुकट येतं असं वाटतं. मुलगा डबा घरी आणून तो वाघ काढायला ओळीने सगळ्या वापरतो, ४एचने सुरुवात करून, आणि पहिल्याच पेन्सिलीने कागदावर इतके चर पाडतो की वाघाच्या पट्ट्यांना आधीच पांढऱ्या रेघा येतात. चरांत मऊ पेन्सिल उतरत नाही, म्हणून त्या शेवटपर्यंत पांढऱ्या दिसत राहतात. ४एच, ५एच, ६एच या पेन्सिली लाकूड आणि धातूवर खुणा करणाऱ्यांच्या किंवा काटेकोर नकाशे काढणाऱ्यांच्या कामाच्या. स्केचिंगला एचबी, २बी आणि ६बी पुरतात. ज्याचा हात नैसर्गिकच जड आहे त्याने ६बीऐवजी ४बी घ्यावी, कारण त्याच्या हातात ६बीचं टोक रेघेगणिक मोडतं. भूमितीसाठी एक एच. एवढ्या चार पेन्सिली घेतल्या तर डब्याच्या पैशांत खोडरबर आणि चांगला शार्पनर घ्यायलाही पैसे उरतात, आणि शार्पनरचं पातं बोथट असेल तर सगळ्या पेन्सिली सारख्याच वाईट.

चारही एकाच कंपनीच्या घ्या. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एका कंपनीची २बी आणि दुसऱ्या कंपनीची २बी यांची ओळखही नसते. कुणी कोणाकडून नियम घेतलेला नाही. प्रत्येक कारखाना स्वतःच्या मालिकेत स्वतःची शिडी लावतो. जपानी एचबी बहुधा जर्मन एचबीपेक्षा मऊ आणि काळी लागते. एका विद्यार्थ्याला काकांनी परदेशातून आणलेली बी आणि दुकानातली २बी एकाच चित्रात वापरायची होती. बी जास्त काळी निघाली, आणि तो आठवडाभर सगळ्या शाळेत सांगत फिरला की सरांनी शिकवलेली अक्षरं उलटी आहेत. त्याच्या वडलांनी मला फोनही केला.

नवीन पेन्सिली आणल्या की त्या सगळ्यांनी आपण वापरतो त्याच कागदावर ओळीने, हात न दाबता, एकेक चौकोन भरून पाहावा. खरखरीत ड्रॉइंग पेपरवर सगळ्याच पेन्सिली जास्त काळ्या पडतात, कारण कागद कानसेसारखा शिसं घासतो. गुळगुळीत कागदावर तीच २बी फिकी आणि घसरडी वाटते. तेव्हा ज्या वहीवर परीक्षा द्यायची त्या वहीवर हे चौकोन काढा, घरातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला नको.

आता एक शेवटची सूचना, ती शाळेच्या दारात लावावी अशी माझी इच्छा होती, पण मुख्याध्यापकांनी परवानगी दिली नाही. ग्रेडची अक्षरं पेन्सिलीच्या एकाच टोकाकडे छापलेली असतात. मुलं टोक करायला नेमकं तेच टोक निवडतात. दोन दिवसांत ग्रेड भुशात जाते, आणि मग पाऊचमध्ये एक रंग, एक लांबी आणि शून्य ओळख असलेल्या चार पेन्सिली राहतात. टोक नेहमी उलट बाजूने करावं. ज्यांच्या ग्रेड आधीच हरवल्या आहेत त्यांनी चारही तुकडे टोक करून आधीच्या चौकोनांच्या शेजारी घासून पाहावेत, काय काय आहे ते लगेच कळतं. आमच्या वर्गात हा प्रयोग झाला तेव्हा एका मुलाच्या पाऊचमधून तीन २बी आणि एक भुवईची पेन्सिल निघाली. ती त्याच्या ताईची होती, आणि तिची नोंद कुठल्याच चौकोनाशी जुळली नाही. पण ताईला ती परत हवी होती, आणि त्यावरून घरी जे झालं ते पाहता, ६बीपेक्षा ती महाग असावी.